भागीदाराच्या वाट्याच्या दोन ओळी

मी आणि माझा शाळासोबती, आम्ही दोघांनी माळव्यात धारेस शिळाछापखाना काढला, तेव्हा कोण काय करणार हे ठरवलंच नाही. मैत्रीत असलं ठरवणं आम्हाला हलकं वाटलं. तीन वर्षांत त्याचे परिणाम भोगले.

माझं अक्षर बरं, म्हणून चिकट शाईनं कागदावर मजकूर लिहायचा मी. तो दगडावर उलटा उतरवायचा मी, छपाईवर उभा राहायचा मी, आणि काम संपलं की वाळू-पाण्यानं दगड घासून पुन्हा कोरा झाला की नाही हे पाहणारही मीच. भागीदार देवासला राहायचा. कामं आणायची, नमुन्याचे कागद गिऱ्हाइकाला दाखवायचे, एवढंच त्याच्याकडे. पंधरवड्यानं टांग्यातून उतरायचा, पान खायचा, आणि आमच्या छापणाऱ्याला हुकूम सोडायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बोलायचो नाही.

मग ते दगडाचं झालं. देवासच्या एका शाळेसाठी भूगोलाची पुस्तिका चालली होती. नमुना भागीदार हेडमास्तरांकडे घेऊन गेला होता. त्यात काय चूक निघणार, म्हणून मी पहिल्या चार पानांची छपाई सुरूही केली. एका दुपारी जेवून आलो तर दगड कोरा! भागीदार मध्येच येऊन, ‘घासून टाक’ सांगून गेला होता. छापणारा बिचारा हात जोडून म्हणाला, “भिया, दोई मालिक. म्हूँ कणी की सुणूँ?”

मालक दोन, त्यानं ऐकायचं तरी कुणाचं? त्याच्यावर काय रागावणार? मी घरी जाऊन पत्र लिहिलं. त्यात तीन वर्षांचं सगळं ओकलो. शेवटी भागीदारी मोडतो म्हणून कळवलं. ते पत्र सौभाग्यवतीनं वाचलं आणि म्हणाली, “छापखाना मोडेल ते मोडो. पण दुसरा सोबती कुठून आणाल?” मला दुसरा सोबती नव्हताच. पत्र चुलीत गेलं.

दुसऱ्या पत्राला चार दिवस लागले. नमस्कारानंतर एकच गोष्ट लिहिली, की हल्ली मी थकतो आणि थकलो की तुझा राग येतो, तो मला नको आहे. मग कागदाच्या मधोमध रेघ ओढली. माझ्या बाजूला लिखाण, दगड, छपाई आणि छापणाऱ्याला सांगणं. त्याच्या बाजूला कामं मिळवणं आणि नमुने मंजूर करून आणणं. ज्याच्या बाजूला जे काम, त्यात शब्द त्याचा. दुसऱ्यानं विचारल्यावाचून हात घालू नये. माझी बाजू खालपर्यंत भरली. त्याच्या दोनच ओळी झाल्या. ते पाहून मला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू! खाली लिहिलं, “तुझं काही राहिलं असेल तर भर.”

आठ दिवसांनी तोच कागद परत आला. त्याची बाजू मागच्या पानापर्यंत गेली होती. देवासास एकाच गावात दोन राजांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकीचं काम आधी छापलं तर दुसरी रुसणार, म्हणून दोन्ही कचेऱ्यांत एकाच दिवशी हजर राहणं. कारकुनाची भेट होईपर्यंत ओसरीवर बसून राहणं. कधी सकाळपासून दिवे लागेपर्यंत. हे वाचताना मी थोडा खजील झालो, पण थोडाच.

शेवटची ओळ होती : “तुझ्या अक्षराच्या तक्रारी ऐकणं, आणि तुला न सांगणं.”

तिच्याखाली बारीक लिहिलं होतं. हेडमास्तरांनी भूगोलाचा नमुना नापसंत केला होता. ओळी इतक्या दाट की पोरांना वाचता येत नाहीत, म्हणाले. “मी आलो तेव्हा छपाई चाललेली. तू जेवायला गेला होतास. तुला तोंडावर सांगायचं धाडस होईना, म्हणून दगड घासायला लावला आणि पळालो. माझं चुकलं. तुझी वाटणी कबूल.”

मी ओसरीवर बसून राहिलो. अक्षर हा माझा एकुलता एक अभिमान. त्याला जपायला माझा सोबती तीन वर्षं लोकांची बोलणी एकटा खात होता, आणि मी त्याला पान खाणारा हुकूमशहा ठरवून मोकळा झालो होतो. मला रडू आलं. शिवाय नमुना मंजूर होण्याआधी छपाई लावणारा मीच होतो. रेघ आखण्याआधीच तिच्यापलीकडे हात घातला होता तो मी.

त्याची शेवटची ओळ मी खोडली आणि माझ्या बाजूला लिहिली : “अक्षराच्या तक्रारी ऐकणं.” कागद परत टपालात टाकला.

पुढल्या खेपेस तो आला, तो थेट छापणाऱ्याकडे न जाता माझ्या बैठकीशी येऊन बसला. बराच वेळ घसा खाकरला. मग म्हणाला, “तुझा ‘क्ष’ मुंगीएवढा असतो. दोन्ही पात्यांत हसतात.”

मला भयंकर राग आला. तो तसाच गिळून मी त्याला म्हटलं, “आणखी सांग.”