पन्नास रुपयांचा दिवस

मी नवऱ्याला नावाने हाक मारते. लग्न होऊन रेडीहून इथे आले तेव्हा सासूबाईंना ते खटकलं होतं, पण आठ दिवसांत त्या म्हणाल्या, "मार गो हाक, तुझ्या हाकेन तरी तो मान वर करीत." कारण आमचा सुदेश तेव्हाही मान खाली घालूनच बसलेला असे. समोर बिलांचा ढीग, कानावर पेन, आणि भिंतीवर कॅलेंडर.

सुदेश मालवणात लोकांचे टॅक्सचे हिशेब बघतो. बाजारपेठेत वरच्या मजल्यावर दोन टेबलांचं ऑफिस आहे, त्यातलं दुसरं टेबल माझं. हॉटेलवाले, काजूवाले, होड्यांवरून पर्यटक फिरवणारे, सगळे आमच्याकडे. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात तेव्हाही त्यांचं रिटर्न भरावंच लागतं, शून्य तर शून्य. हे सुदेश त्यांना दरवर्षी नव्याने समजावतो आणि ते दरवर्षी नव्याने विचारतात, "होडी बंद, मग सरकाराक सांगूचा काय?"

लोकांच्या घरात सण असतात, आमच्या घरात तारखा. अकराला विक्रीचं रिटर्न, वीसला टॅक्स भरायचं. तिमाहीवाल्यांच्या तारखा आणखी वेगळ्या. पाडवा आमच्याकडे एक एप्रिलला येतो आणि त्याला श्रीखंड नसतं. एकतीस मार्चला वर्ष संपतं, पण मार्चचं काम एप्रिलच्या वीस-बावीसपर्यंत उरकत नाही, म्हणून आचऱ्याची रामनवमी या माणसाने कित्येक वर्षांत डोळ्यांनी पाहिलेली नाही. डिसेंबरात मागच्या वर्षाचं वार्षिक रिटर्न. माझं बारसं-लग्नाला जाणंही तारीख बघून. कुणी आमंत्रण घेऊन आलं की मी आधी विचारते, "वीसच्या आधी की नंतर?" लोकांना वाटतं, बाई पंचांग बघते.

या सगळ्याला कारण सुदेशचा एक हट्ट. जीएसटी सुरू झाल्यापासून त्याच्या हातून एकही तारीख चुकलेली नाही. एकाही गिऱ्हाइकाची. ताप अंगात असताना त्याने रिटर्नं भरली आहेत. मी चिडते, पण खरं सांगते, मला त्याचा अभिमानही वाटतो.

सासूबाईंना मात्र एकच गोष्ट हवी होती. आमचं घर मालवणात नाही, जवळच्या गावात, आणि त्या गावात गावपळण होते. माझ्या माहेरी, रेडीला, हा प्रकार नाही, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थट्टा वाटली. तीन-चार वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात, म्हणजे देवाला फुलं लावून त्याची मर्जी विचारतात. कौल झाला की सगळं गाव, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, तान्ही पोरं, सगळी वेशीबाहेर. तीन दिवस, तीन रात्री गावात चिटपाखरू नाही. सड्यावर, म्हणजे वेशीपलीकडच्या खडकाळ माळावर, झावळ्यांच्या झोपड्या बांधून सगळे राहतात, एका चुलीवर चार घरं जेवतात, गाणी म्हणतात. माणसं मुंबईहून रजा काढून येतात. आणि सुदेश? मागच्या दोन्ही गावपळणींना तारखा आडव्या आल्या. तो ऑफिसातच टेबलाला टेबल जोडून झोपला. त्याला सोबत म्हणून मीही. सासूबाई शेजारच्या सावित्रीकाकूच्या झोपडीत पाहुण्यासारख्या राहिल्या.

त्यांचं वय आता एक्याऐंशी. या वर्षी डिसेंबरची गावपळण ठरली त्या दिवशी त्या सुदेशला एवढंच म्हणाल्या, "फुडच्या येळाक मी आसान काय नाय, कोणाक म्हायत? ह्या येळाक माझ्या खोपीत तू रव."

"रवतलंय आये," सुदेश म्हणाला, आणि लगेच कॅलेंडरकडे गेला. देवाने सतरा डिसेंबरची संध्याकाळ दिली होती. तीन रात्री म्हणजे वीसच्या सकाळी परत. वीसच का? मला हसू आलं, त्याला आलं नाही.

तो महिनाभर गिऱ्हाइकांच्या मागे लागला. बिलं लवकर द्या, पैसे लवकर टाका. चौदाला खरेदीचा तपशील पोर्टलवर आला तसा जो कामाला बसला, तो सतराच्या दुपारपर्यंत. शेवटची काही रिटर्नं त्याने घरी बसून भरली. एक सोडून सगळी गेली. ते एक तारकर्लीच्या अजयच्या रिसॉर्टचं. अजयची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. त्याचा भागीदार मुंबईला, आणि तो पैसे वीसच्या सकाळीच टाकतो. कितीही सांगा, वीस म्हणजे वीस.

"वीसला सकाळी गावात परत येऊ, दुपारपर्यंत भरून टाकीन," सुदेश म्हणाला. कंपनीच्या रिटर्नला फोनवरचा ओटीपी चालत नाही, डिजिटल सही लागते. ती पेन ड्राइव्हसारख्या छोट्या कांडीत असते, टोकन म्हणतात. अजयचं टोकन आमच्याकडे असतं आणि ते सुदेश घरी देव्हाऱ्यात ठेवतो, देवाच्या पाटाखाली. त्याच्या मते जगात तेवढी एकच सुरक्षित जागा. सतराच्या संध्याकाळी मी म्हटलं, "घे ना बरोबर."

"सड्यावर धुळीत कुठे हरवलं म्हणजे? तीन रात्रींचा तर प्रश्न आहे."

ही चूक फक्त आमच्याच घरात होऊ शकते. दोन गावपळणी चुकवलेला माणूस एक गोष्ट विसरला होता, आणि मी तर परगावची. तीन रात्री झाल्या की परत जायलाही देवाचा कौल लागतो. आणि देव नाही म्हणू शकतो.

पहिले तीन दिवस इतके छान गेले की काय सांगू. सुदेशने स्वतः झावळ्या विणल्या, वाकड्या. सासूबाईंनी त्या उसवून परत विणायला लावल्या. तो आईच्या शेजारी चटईवर बसून पेजेबरोबर सुका बांगडा खात होता आणि त्याच्या कानावर पेन नव्हतं. सावित्रीकाकू येऊन म्हणाली, "झील दिसलो गो तुझो!" सासूबाईंनी लेकाकडे बघत पदर सारखा केला. त्यांचं सुख मला बघवत नव्हतं, इतकं ते उघडं होतं.

वीसच्या सकाळी मानकरी देवळात कौल घ्यायला गेले. आम्ही भांडी बांधून तयार. मानकरी परत आले ते हळूहळू चालत. बाबूकाका, सगळ्यांत वयस्क मानकरी, म्हणाले, "देवान कौल देऊक नाय. आजची रात हंयच."

पोरांनी आरडाओरडा करून नाचायला सुरुवात केली. सुदेशचा चेहरा पांढरा पडला.

त्याने अजयला फोन लावला. अजयने आधी देवाला आणि मग वीसचा हट्ट धरणाऱ्या भागीदाराला लांबूनच नमस्कार केला आणि म्हणाला, "एक दिवसान काय आभाळ कोसाळता? भर उद्या." सुदेशने फोनवरूनच चलन काढून त्याला पाठवलं. भागीदाराचे पैसे आले आणि तासाभरात अजयने ते भरले. म्हणजे टॅक्स सरकारच्या खात्यात वीसलाच जमा झाला, त्यावर व्याजाची भानगड उरली नाही. राहिलं ते नुसतं रिटर्न. मी म्हटलं, "झालं की मग!"

"झालं कुठे? रिटर्न उशिरा जाणार ना."

तो चटईवर बसेना. उठायचा, वेशीकडे बघून यायचा. आमचं घर वेशीपासून हाकेच्या अंतरावर, कौलं दिसतात. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा त्याने खुंटीवरचा शर्ट काढला आणि खिशात घराची किल्ली टाकली. मला कळलं. हा माणूस देवाची वेस मोडणार होता, एका रिटर्नसाठी.

"खंय चललंस?" सासूबाई जाग्या होत्या.

"हंयच. पाय मोकळे करून येतंय."

"किल्ली घेवन?"

सुदेश उभाच राहिला. मग खाली बसला आणि लहान पोरासारखं सगळं सांगून टाकलं. टोकन, देव्हारा, वीस तारीख, इतक्या वर्षांत न चुकलेली वेळ. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तारीख चुकली तर सरकार काय करता? धरून नेता?"

"नाय गे आये. दंड लागता."

"किती?"

सुदेशने खिशातली किल्ली काढून हातात फिरवली. "दिवसाक पन्नास रुपये."

"पन्नास हजार?"

"पन्नास. रुपये."

हे मला माहीत होतं. रोज मी ते गिऱ्हाइकांना सांगते. पण त्या दुपारी ते ऐकून मला लाज वाटली. सुदेश म्हणू शकला असता की सगळ्या गिऱ्हाइकांची रिटर्नं राहिली तर तेवढे दंड होतात, व्याज चढतं, माणसाचा शब्द जातो. ते खरंही आहे.

सासूबाईंनी कनवटीचा बटवा काढला. त्यातून चार घड्या घातलेली पन्नासची नोट सोडवली आणि त्याच्या हातात ठेवली. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"माका आदी सांगूचा नाय रे? मागच्या येळाकव मीच दिले असतंय."

सुदेशने ती नोट हातात धरली आणि मान खाली घातली. माझ्या हाकेनेही ती वर आली नाही. मग सासूबाईंनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली, बटव्यात टाकली आणि त्याला म्हणाल्या, "नीज आता माझ्या बाजूक." आणि तो खरंच झोपला, आईच्या पदराचं टोक तोंडावर घेऊन, एक्कावन्न वर्षांचा माणूस.

एकवीसच्या सकाळी कौल झाला. ढोल वाजले, गुरं धावली, माणसं घराकडे सुटली. मी भांडी उचलली आणि सुदेशला म्हटलं, "चल लवकर, टोकन घेऊन ऑफिस गाठ."

तो आईला चहा ओतून देत होता. म्हणाला, "आता भरलं काय नि रात्री भरलं काय, आजचा दंड तोच. पन्नास."

"मग?"

"मग काय! आयेन पुरो दिवस इकत घेतलो हा," तो म्हणाला आणि स्वतःलाही कपभर चहा ओतून तिच्या शेजारी बसला.