दगडावरचा फोटो आणि खालचा कोंड

माझी सून दगडावरून पाण्यात उतरली आणि पाणी तिच्या मांडीला लागलं. ज्यांच्यावरून ती आली होती ते दगड बुडाले होते. काठावरची कातकरीण ओरडली, “बाय, खाली कोंड हाय.” सुनेने मान हलवली आणि खालच्याच अंगाला पाऊल टाकलं.

हे आपटा गावाच्या पुढे, पाताळगंगा नदीत. पाऊस नव्हता, कडक ऊन होतं. पण वर खोपोलीकडे वीज तयार करून झालं की पाणी नदीत येतं, त्याला पाऊस लागत नाही. माझा जन्म आपट्याचा. मी चौथीपर्यंत शिकले, पण एवढं मला माहीत आहे.

सून पनवेलच्या सोसायट्यांमधल्या बायकांच्या एक दिवसाच्या सहली काढते. मिनीबस ती ठरवते, डबे मी करते. त्या रविवारच्या सहलीला चौदा जणींनी नावं दिली होती, ती एका रीलवरून. रीलमध्ये नदीच्या मधोमध दगड, त्यावर लाल साडीतली मुलगी, खाली आरशासारखं पाणी आणि त्यात दुसरी मुलगी उलटी. सुनेने त्यातलाच फोटो सहलीच्या जाहिरातीवर टाकला होता.

मी तिचा फोन हातात घेऊन तो पाहिला. म्हटलं, “ही आमची नदी नाही.”

“आई, ठिकाणाचं नाव खाली लिहिलंय.”

“लिहू दे. आमच्या नदीत तोंड दिसत नाही, शेवाळ दिसतं.”

“तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते.”

“दिसते. तू आधी बघून ये. मी पण येते.”

म्हणून आम्ही दोघी शुक्रवारी रिक्षाने गेलो. दगड होता. त्याच्याभोवती वेफर्सची पाकिटं, एक फुटकी चप्पल, कोणाची तरी निर्माल्याची पिशवी. पाणी हिरवट. काठावर एक जोडपं फोटो काढत होतं. पुरुषाने एका मोबाईलच्या कॅमेऱ्याखाली दुसरा मोबाईल आडवा धरला होता, काच वर करून. त्या काळ्या काचेत बायको उलटी दिसत होती. नदीचा त्यात काही संबंध नव्हता.

मी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, “बघितलं मी. बोलू नका.”

“बोलत नाही. हे ठिकाण सहलीतून काढ.”

“दगडावर जाऊन बघते. तिथून डोंगर तरी बरा दिसतो का. नाही दिसला तर काढते.”

खेकडे धरणारी एक कातकरीण जवळच होती, हातात बांबू. ती म्हणाली, “या टायमाला आमी नाय जात तिकडं.” सून म्हणाली, दोन मिनिटं. जोडपं निघून गेलं. सून कोरड्या दगडांवरून उड्या मारत गेली आणि फोन वर करून फिरायला लागली. पाणी चढलं ते मला आधी दिसलं नाही. काठावर ठेवलेली माझी पिशवी भिजली तेव्हा कळलं.

आता ते खालच्या अंगाला टाकलेलं पाऊल. सुनेचं माहेर महाडकडचं. तिकडे कोंड म्हणजे वाडी, चार घरं, माणसं. तिला वाटलं खाली वाडी आहे, तिकडून काठ सोपा असेल. आमच्याकडे नदीत खाली कोंड आहे म्हणजे तळ न लागणारं पाणी.

मी ओरडले, “अगं डोह आहे तो. वाडी नाही. डोह.”

ती थांबली. पाणी कंबरेला होतं. कातकरणीने लुगडं खोचलं, वरच्या अंगाला उथळ होतं तिथून तिरपी पाण्यात शिरली, बांबूने तळ चाचपत. बांबूचं टोक सुनेकडे केलं. “माज्याकडं बघ. पाण्याकडं नको.” दोघी एकमेकींना धरून आल्या. सुनेचा फोन पाण्यात गेला.

काठावर बसून सुनेने ओले कपडे पिळले. मग म्हणाली, “ठिकाण ठेवू या का, नुसतं लांबून बघायला? चौदा जणी याच्यासाठीच येतायत.”

कातकरीण हसली. “लांबनं बघाया काय हाय हितं?”

मी म्हटलं, “तू दोन मिनिटांसाठी गेलीस. त्या चौदा आहेत. कोणाकोणाला धरशील?”

घरी येऊन तिने माझ्या फोनवरून जाहिरात काढली आणि सगळ्यांना खरं कारण कळवलं. त्या दगडाऐवजी कर्नाळा ठेवला. पाच जणींनी नावं काढून घेतली. एकीने लिहिलं की इतर लोक नेतात मग तुम्हालाच काय होतं. नऊ जणींचे डबे मी केले.

दगडावर गेली ती माझी सून, आणायला गेली ती कातकरीण. दोघी जिवंत आहेत.