कुंचीतला वरवंटा

दौंडच्या लोकोशेडमागे राखेचे ढीग पडत, आणि पहाटेच्या दवाने ओली झालेली ती राख उकरू लागले की एक आंबूस, गंधकासारखा वास नाकात शिरे; तो वास माझ्या बालपणाचा आहे. इंजिनांच्या पोटातून बाहेर पडलेल्या त्या राखेत अर्धवट जळलेले कोळसे सापडत. आई ते वेचून आणी, कारण त्यावरच आमची चूल पेटायची. वडील शेडमध्ये राख उपसण्याच्या कामावर, घरात खाणारी सात तोंडे, आणि थंडीत अंगावर घ्यायला सगळ्यांत मिळून दोन घोंगड्या. शाळेत जाण्याआधी मी आणि शेजारच्या खोलीतली यमुना टोपली घेऊन राखेत बसायचो. आत धुमसणाऱ्या कोळशाने बोटे भाजली की ती माझ्या बोटांवर फुंकर घालायची, मी तिच्या. सातवीनंतर तिची शाळा सुटली. आपली कंपासपेटी तिने माझ्या दप्तरात स्वतःच्या हाताने ठेवली आणि म्हणाली, "तू शिक गं दोघींचं."

मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. बी.ए. झाले, बी.एड. केले, शिरूरच्या हायस्कुलात मराठी शिकवू लागले. लग्न झाले ते दौंडच्याच रेल्वे कचेरीतल्या कारकुनाशी. आठवडाभर शिरूरला घोडनदीकडे उघडणारी भाड्याची खोली, आणि शनिवारी शाळा सुटली की एस.टी.ने दौंड, अशी चार वर्षे गेली. नदीवरून येणारा वारा संध्याकाळी त्या खोलीत शिरे, वहीची पाने उलटवी आणि निघून जाई. दुसरे कुणी पाने उलटवणारे नव्हते. त्या चार वर्षांत काय घडले, काय घडता घडता राहिले, कोणत्या महिन्यात मी आठ दिवस रजा काढून भिंतीकडे तोंड करून पडले होते, हे आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते.

त्या पौषात यमुनेचा निरोप आला. ती राहू गावात दिलेली. तिसरे मूल झाले होते, पहिल्या दोन मुलींवर मुलगा. बाराव्या दिवशी बारसे. मी एकटीच गेले, यांची त्या दिवशी ड्यूटी होती. गावाबाहेर गुऱ्हाळे चालू होती. उकळत्या काकवीचा दाट गोड वास आणि हिवाळ्यातले ते पातळ, पिवळे ऊन यांत सारा रस्ता बुडून गेल्यासारखा वाटत होता. पिशवीत मी बाळासाठी विणलेला स्वेटर होता. कुणासाठीही विणलेला तो माझा पहिला स्वेटर.

आमच्याकडे बारशाला मूल पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला तेल लावून, कुंची घालून बाळासारखे सजवतात. तो आधी पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा, मग मूल. एका बाजूची बाई देते, दुसऱ्या बाजूची घेते, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या असे म्हणत. यमुना पाटावर बसली होती. पाळण्याच्या पलीकडची जागा रिकामी दिसली म्हणून मी सहज पुढे झाले, हात पसरले.

"सुमे, तू नगं," यमुना म्हणाली. "बाळाला लेकुरवाळी घेईल. तू ह्याला धर." आणि कुंचीतला वरवंटा तिने माझ्या ओंजळीत ठेवला. "तवर ह्योच तुझा गोपाळ. रडत न्हाई का दूध मागत न्हाई." बायका हसल्या. त्या हसण्याने तिला आणखी चेव आला. "कॉलेजात समदं शिकवलं, एवढंच तेवढं शिकवाया इसरले व्हय गं? नवरा दौंडात, ही शिरूरात. पोर काय टपालानं येनार हाय?"

दगड थंडगार होता. तेलाने निसटत होता म्हणून मी तो छातीशी धरला, आणि तसा धरल्यावर पुन्हा हशा झाला. उत्तरे जिभेवर आली होती. मास्तरणीच्या जिभेवर ती पटकन येतात. पण पाटावर बाराव्या दिवसाची बाळंतीण होती, पोराच्या कानात अजून नाव पडायचे होते. मी वरवंटा खालून दिला, वरून घेतला, माझ्या वाट्याचे काम नीट पुरे केले. घुगऱ्यांची मूठ पदरात घेतली.

बायका पांगल्यावर वरवंट्याची कुंची मी सोडवली, घडी घातली, तेल धुऊन तो पाट्यावर ठेवला आणि आतल्या खोलीत गेले. यमुना बाजेवर पडली होती. बाजेखाली शेगडीत निखारे, वर ओव्याची धुरी. त्या धुरात तिचा चेहरा राखेतल्या त्या मुलीसारखाच दिसला, म्हणून बोलणे अधिक अवघड झाले. मी दार लोटले आणि उभ्यानेच म्हणाले,

"यमे, मघाशी बायकांत बोललीस ते मला लागलं."

"आगं, गंमत केली. आपल्या मानसाची न्हाई करायची तर कुनाची?"

"आपल्या माणसाचं म्हणूनच लागलं. परक्या बाईचं मी रस्त्यातच टाकून आले असते. मूल का नाही, हे आमचं दोघांचं आहे. मला तुला सांगावंसं वाटेल त्या दिवशी मी आपणहून सांगेन. तोवर विचारू नकोस, आणि चारजणींत हसू नकोस."

तिने कूस बदलली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "सासूबाई म्हनल्या हुत्या, तिला बारशाला बोलवूच नगं. म्या भांडून बोलावलं. तू पुढं झालीस आन् त्यांनी डोळं वटारलं. मला काय बोलावं सुदरंना, तर त्ये त्वांडातनं गेलं."

माझा राग तिथेच अर्धा विझला. दुःख मात्र तसेच राहिले. ते दोन्ही वेगवेगळे असतात, हे मला त्या खोलीत कळले. मी म्हणाले, "भांडून बोलावलंस, हे मी विसरणार नाही. पण बोलावून हातात दगड दिलास, तेही मला विसरता यायचं नाही."

आवाज चढला नव्हता. आठ दिवसांच्या त्या रजेबद्दल सांगितले असते तर ती रडली असती, मला पोटाशी धरले असते, आणि भांडण सोपे झाले असते. पण दया मिळवण्यासाठी माझे एकमेव गुपित मोजून द्यावे, असे वाटेना. स्वेटर तिच्या उशाशी ठेवून मी निघाले. तिने "थांब" म्हटले नाही. एस.टी.च्या खिडकीतून उसाचे फड मागे जात होते, ऊन विझत होते, आणि तळहाताचे तेल पदराला कितीही पुसले तरी जात नव्हते. दौंडला यांनी विचारले, कसे झाले बारसे? मी म्हणाले, छान झाले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ते चहा टाकायला उठले.

वर्षभर तिचे पत्र नाही, माझेही नाही. शिरूरची खोली त्या वर्षी फार मोठी वाटली. मग पुढच्या माघात तिच्या जावेच्या बाळाच्या बारशाचे बोलावणे आले. जावे की न जावे, या विचारात दोन दिवस काढून मी गेले आणि दाराजवळ, मागे बसले. पाळण्याशी यमुना उभी होती, मूल तिच्या हातात. सासूबाई समोरच होत्या. त्यांच्याकडे न बघता तिने हाक मारली, "सुमे, पल्याड हुबी ऱ्हा. तू घे." खोलीत कुणी हसले नाही. मी पाळण्याखालून हात पुढे केले.

मूल वरवंट्याहून हलके होते, आणि ऊबदार. क्षणभर धरून मी ते वरून परत दिले. यमुनेने तो प्रश्न मला पुन्हा कधीही विचारला नाही.