दुसऱ्याचा फेटा

"दहावीत पळताना बघायचं असंल तर सातवीत दमवू नका की," असं विरुपाक्ष मास्तर म्हणाले होते, आणि ते वाक्य आमच्या शाळेत बरीच वर्षं टिकलं. ते स्वतः मात्र एका हिवाळ्यात त्या वाक्यापासून ढळले.

मास्तर ड्रिल शिकवायचे. पळणारी मुलं निवडून त्यांच्याकडून आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर करून घ्यायचे, त्याहून जास्त नाही. एक दिवस मातीवर सावकाश पळणं, बोलता येईल इतपत. एक दिवस चढावर छोट्या धावा. मधे खोखो, रिले, लंगडी. रविवारी मैदानाकडे फिरकायचंही नाही. कुणी पाय दुखतो म्हणालं की ते नडगीवरून अंगठा फिरवायचे. सगळा पाय भरून आला असेल तर हसून सोडून द्यायचे. हाडावर एकाच जागी दुखलं तर पळणं बंद.

या पद्धतीनं मुलं वर्षानुवर्षं पळत राहिली. जिंकली मात्र क्वचित.

जिंकायचे ते गुरुसिद्धप्पा, पलीकडच्या शाळेचे. त्यांची मुलं रोज पहाटे कुंभारीच्या डांबरी रस्त्यावर पळायची. शहरातल्या शाळांची मोठी शर्यत दर हिवाळ्यात व्हायची. तिथं एक रीत होती: जिंकलेल्या मुलाच्या मास्तरला फेटा बांधायचा, आणि तो आदल्या वर्षीच्या मानकऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधायचा. कित्येक वर्षं गुरुसिद्धप्पांना बांधायला दुसरं कुणी नव्हतं. ते आपला फेटा आपणच बांधायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे.

विरुपाक्ष मास्तरही वाजवायचे. मग घरी जाताना सायकल लांबून न्यायचे, कारण सरळ रस्त्यावर गुरुसिद्धप्पांची मिरवणूक असायची. गुरुसिद्धप्पांची मुलं नववीपर्यंत मैदानावरून नाहीशी होतात, हे ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. खरंच होतं ते. पण सांगताना त्यांचा आवाज असा यायचा की खरं असूनही ऐकवत नसे. एकदा चहा पिताना, काही संबंध नसताना, ते म्हणाले की त्या माणसाच्या डोक्याला फेटा शोभतही नाही.

चौऱ्याहत्तर साली त्यांच्याकडे दाक्षायणी होती. सातवीतली, शेंगा भाजणाऱ्या शिवबाईची मुलगी. पळताना हसायची. इतकी हलकी पोर मास्तरांनी पाहिली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी खोखो बंद केला. मग रविवार गेला. मग एका पहाटे कुंभारीच्या रस्त्यावर लोकांना गुरुसिद्धप्पांच्या मुलांमागून आणखी एक मुलगी दिसली, कॅनव्हासच्या बुटांत, आणि तिच्या मागे सायकलवर मास्तर.

शिवबाईनं शाळेत येऊन विचारलं होतं, पोरगी ताटावरच झोपते, हे बरं हाय का. मास्तर म्हणाले, शर्यतीपुरतं. दाक्षायणी पळताना हसेनाशी झाली, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. अंगठा मात्र त्यांनी त्या महिन्यात एकदाही तिच्या नडगीवर ठेवला नाही.

ती जिंकली. बरीच पुढे होती. रेघ ओलांडून थेट खाली बसली.

मंडपात मास्तरांना खुर्चीवर बसवलं. गुरुसिद्धप्पा केशरी कापड घेऊन आले, आणि खरोखर मन लावून एकेक पदर बांधू लागले. मास्तरांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. इतक्या वर्षांची जळजळ त्या कापडाखाली निवत चालली होती, ते आम्हाला समोरून दिसत होतं.

शेवटचा पदर खोचून गुरुसिद्धप्पा प्रेमानं म्हणाले, "रोजच्या रस्त्याला आणल्याशिवाय पोरं जिंकत न्हाईत, पटलं न्हवं? आता तुमीबी आमच्यातलेच की, मास्तर."

लोक हसले. मास्तरही हसू लागले, आणि थांबले. दाक्षायणीला बक्षिसासाठी बोलावलं होतं. ती एका पायावर भार देत आली. मास्तर खुर्चीवरून उतरून तिच्यापुढे उकिडवे बसले आणि तिच्या नडगीवरून अंगठा फिरवत खाली आले. एका जागी तिनं त्यांचा खांदा घट्ट धरला.

"हितंच?"

"व्हय सर. रस्त्याला पळाय लागल्यापासनंच हाय. पण तुमी विचारलं न्हाई."

गुरुसिद्धप्पा वाकून बघत म्हणाले, होतं तसं, गरम पाण्यानं शेका, सोमवारपासून पुन्हा रस्त्याला आणा.

मास्तरांनी त्यांच्याकडे वर पाहिलं. मग डोक्यावरचा फेटा न सोडवता तसाच्या तसा उचलला, खुर्चीवर ठेवला, पोरीला पाठीवर घेतलं, आणि मंडपाबाहेर निघून गेले.