दुसरा फटका

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. तुम्हाला सांगतेय, पण आधीच बजावते — मला बिचारी समजायचं नाही. बिचारी मी तेव्हाही नव्हते.

सत्त्याऐंशी साल. बदलापूरला बेलवलीत राहायचो आम्ही, आणि मी उल्हासनगरला एका शेठच्या पँटी शिवायच्या कारखान्यात कामाला. वय बावीस. तिथला कटिंग मास्टर म्हणजे मोठी आसामी. कापडाचे चाळीस थर एका रेषेत कापायचा. शेठसुद्धा त्याच्याशी नरमाईनं बोले.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाया बाहेर गेल्या. मी डब्यासाठी मागे राहिले — आणि ह्यानं शटर खाली ओढलं. "चिल्ला, कोई नहीं सुनेगा, बाजू में मशीन चालू है." केस धरले माझे, ब्लाउज टराटरा फाडला. माझा हात टेबलावर चाचपडला. कापड मोजायचा लोखंडी गज हाताला लागला. हाणला. त्याच्या उजव्या मनगटावर. केस सुटले.

ह्यात चुकलं काय? सांगा ना! मी काय हात जोडून उभी राहायला हवी होती?

अण्णांना मात्र हा प्रश्न फार छळायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. अंबरनाथच्या फॅक्टरीत फिटर, आणि दर रविवारी विहारात पंचशील द्यायचे. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून कोंबडीसुद्धा कापली नव्हती माणसानं. पोलीस स्टेशनात माझ्या शेजारी बसले होते, डोळे जमिनीवर.

तिथले फौजदार भले होते. म्हणाले, बाई, नीट ऐक. असल्या हल्ल्यात जीव वाचवायला, अब्रू वाचवायला मारलंस तर कायदा तुझ्या बाजूनं. समोरचा मेला तरी. पण भीती आहे तोवरच. भीती संपली की तो हक्कही संपला. मग त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, "पहिल्या फटक्यानंतर तो परत अंगावर आला का?"

"आला," मी म्हणाले.

अण्णांनी तेव्हा मान वर केली. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "तो थांबला असता तर तूही थांबली असतीस ना, बाय?"

"हो अण्णा."

कोर्टात मास्टरनं जे केलं ते सगळं नाकारलं. धडधडीत खोटं. पण एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला — साहब, मैं बैठ गया था, हाथ ऊपर किया था. त्यावर सगळं कोर्ट हसलं. शिक्षा झाली त्याला, आणि व्हायलाच हवी होती. त्याबद्दल आजही माझ्या मनात तिळभर दया नाही. पण त्याचा तो उजवा हात कायमचा गेला. सुटून आल्यावर कात्री धरता येईना. उल्हासनगरच्या कॅम्पात कुठल्याशा दुकानाबाहेर स्टुलावर बसलेला दिसायचा. मी रस्ता बदलायचे नाही. का बदलू?

इकडे अण्णा विहारात नवं सांगू लागले. मारणं वेगळं, थांबवणं वेगळं. माझ्या मुलीनं थांबवलं, तो थांबला नाही म्हणून पुन्हा थांबवलं, तिच्या मनात द्वेष नव्हता. बाया माना डोलवायच्या. मी पुढच्याच रांगेत, पांढरी साडी नेसून. जीव न घेण्याचं शील म्हणायचे, खोटं न बोलण्याचंही म्हणायचे. आवाज कधी कापला नाही माझा! पंच्याण्णव साली अण्णा गेले. जायच्या आधी माझा हात धरून म्हणाले, "तुझ्यामुळं मला कळलं, बाय. हिंसा न करताही लढता येतं."

कशी सांगणार होते? तेव्हाही नाही सांगितलं.

तर आता ऐका. पहिला फटका माझा हक्क होता. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा हाणीन, आणि माझ्या मुलीलाही तेच शिकवलंय. पण पहिल्या फटक्यानंतर मास्टर खाली बसला. दोन्ही हात वर केले. "बस, बहन, बस," म्हणाला. मी शटरपाशी गेले. ते वर ढकललं. बाहेर ऊन होतं, समोरच्या चहावाल्यापाशी आमच्या बाया उभ्या होत्या, हाक मारली असती तर धावत आल्या असत्या. मला कसलीही भीती उरली नव्हती.

मी शटर पुन्हा खाली ओढलं. परत गेले. त्याचा तोच हात धरून कटिंगच्या टेबलावर ठेवला, आणि गज उचलला.