वहिनीवर लिहिलेला लेख

कॉलेजची दोन वर्षं मी दौंडला भावाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये काढली. वहिनी किती घुमी होती, जेवायला वाढताना कधी गोड शब्द बोलली नाही, यावर पुढं शिरूरला नोकरीत असताना मी लेख लिहिला. दिवाळी अंकाला पाठवण्याआधी सहा आठवडे तो ट्रंकेत ठेवला. मग दुसऱ्याच कुणाचा समजून वाचायला घेतला आणि लिहिणाऱ्याचाच राग आला. पानोपानी हा लेकाचा आयता ताटावर बसलेला, वहिनी स्टोव्हपुढं. ‘न विचारताच ताटात भाकरी टाकायची,’ अशी वर तक्रार! ती स्वतः कधी जेवायची, हे कुठंच नव्हतं. तेवढं लिहावं म्हणून पेन उघडलं. मला ते माहीतच नव्हतं.