माझी नसलेली सही

इन्सुलिन देण्याआधी दोन नर्सनी डोस बघून सही करायची, हा आमच्या वॉर्डाचा नियम. माझ्या मैत्रिणीनं एका आजोबांना चारऐवजी चौदा युनिट दिलं. साखर एकदम उतरली. डॉक्टरांनी लगेच ग्लुकोज दिलं, आजोबा सावरले. मग मी चार्ट बघितला. तपासणाऱ्याच्या रकान्यात माझी सही! मी तर तेव्हा जेवायला गेले होते. माझं डोकंच फिरलं. वैजापूरहून रोज माझ्याशेजारी बसून येणारी, माझ्या डब्यातलं खाणारी बाई! इन्चार्ज सिस्टरना तिथल्या तिथं मेल लिहिला: वेळ, डोस, साखर, उपचार आणि शेवटी, ‘ती सही माझी नाही.’

घाईत एकमेकींचं काम अडू नये म्हणून ती सही तिला मीच शिकवली होती. तेवढं मात्र मेलमध्ये लिहिलं नाही.